शूटिंगच्या विम्याचं प्रपोजल: कॅमेरा, कलाकारांचं आजारपण आणि कोकणातलं आउटडोअर

मराठी सिनेमाच्या बजेटमध्ये विम्याची ओळ बहुतेक वेळा तळाशी असते. शूटिंगला चार दिवस उरले की निर्माता विचारतो, "अरे, इन्शुरन्सचं काय झालं?" मग घाईघाईने ब्रोकरला फोन जातो, तो फॉर्म पाठवतो, ऑफिसमधलं कुणीतरी सुचेल तसा भरतं आणि पॉलिसी येते. ती पहिल्यांदा नीट वाचली जाते काही मोडल्यावर किंवा कुणी आजारी पडल्यावर. मी सोळा वर्षं प्रॉडक्शन सांभाळतोय. क्लेम नाकारले गेलेले पाहिले आहेत आणि त्यातले बरेचसे प्रपोजलच्या पहिल्या दिवशीच हरलेले होते. म्हणून प्रपोजल कसं बांधायचं ते इथे एका ठरावीक उदाहरणावर मांडतो.

उदाहरण असं धरू. एकूण बजेट ३ कोटी ४० लाख. शूटिंग ३० दिवसांचं, २ नोव्हेंबरला सुरू. पहिले १८ दिवस गुहागरजवळच्या किनाऱ्यावर, मग १२ दिवस वाईला, मेणवलीच्या घाटावर आणि एका वाड्यात. युनिट ८५ माणसांचं. मुख्य नटी बत्तिशीतली आणि तिच्या वडिलांच्या भूमिकेत ६७ वर्षांचे ज्येष्ठ नट. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेब करायची पद्धत कुठल्याही मध्यम आकाराच्या चित्रपटाला लागू पडेल.

कधी सुरू करायचं आणि कुणाकडे द्यायचं

शूटिंगच्या आधी किमान चार आठवडे. त्यातला एक आठवडा कलाकारांच्या वैद्यकीय तपासणीत जातो, एक विमा कंपनीच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात, आणि उरलेले कोटेशनवर घासाघीस करण्यात. सरकारी जनरल इन्शुरन्स कंपन्या आणि बऱ्याच खासगी कंपन्या फिल्म प्रॉडक्शनचं पॅकेज देतात. त्यात उपकरणं, कलाकार, सेट आणि कपडेपट, शूट केलेला डेटा, त्रयस्थांचं नुकसान असे वेगवेगळे विभाग असतात आणि हवे ते घेता येतात. फिल्मचं काम केलेला ब्रोकर असेल तर तोच प्रपोजल दोन-तीन कंपन्यांकडे फिरवतो. त्याचा मोबदला विमा कंपनी देते, म्हणून तो पैसे वाचवायला टाळू नका.

एक कायदेशीर गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम जमा झाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. "पॉलिसी झाली, पैसे सोमवारी देतो" असं झालं आणि रविवारी ट्रक उलटला, तर तुमच्या हातात काहीच नसतं. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी येतो, तोही त्याच दिवशी भरायचा असतो. २ नोव्हेंबरला शूटिंग असेल तर उपकरणं १ तारखेला मुंबईहून निघतील आणि नट ३१ ऑक्टोबरला कपड्यांच्या ट्रायलला येतील. म्हणून पॉलिसीची तारीख ३० ऑक्टोबर मागायची. कलाकारांचं कव्हर त्याच्याही आधीपासून मागता येतं, कारण पहिल्या दिवसाच्या आधी नट आजारी पडला तरी सगळं शेड्यूल कोलमडतं.

थांबलेल्या दिवसाचा खर्च

अंडररायटर, म्हणजे विमा कंपनीत तुमची जोखीम तोलणारा माणूस, सगळ्यात आधी आकडे बघतो. इथे नवखी प्रॉडक्शन हाऊसेस पूर्ण बजेट, म्हणजे ३ कोटी ४० लाख, विमा रक्कम म्हणून लिहून मोकळी होतात. ते महागही पडतं आणि चुकीचंही आहे. कथा-पटकथेचे हक्क, गाण्यांचा खर्च, प्रसिद्धी, कर्जावरचं व्याज या गोष्टी कंपन्या सहसा बाजूला काढतात. कलाकाराच्या कव्हरची विमा रक्कम ठरवताना तयारी आणि प्रत्यक्ष शूटिंगचा खर्च कामाचा. आमच्या उदाहरणात तो २ कोटी १८ लाख येतो. चित्रपट सोडूनच द्यावा लागला तर बुडणारे पैसे याच्या आतले असतात.

पण बहुतेक क्लेम चित्रपट बंद पडल्याचे नसतात, दिवस वाया गेल्याचे असतात. म्हणून दोन वेगळे आकडे काढायचे. चालू दिवसाचा खर्च एक, थांबलेल्या दिवसाचा दुसरा. चालू दिवस आम्हाला ५ लाख ८० हजारांना पडतो. युनिट हॉटेलात बसून आहे पण कॅमेरा फिरत नाही, अशा दिवशीचा हिशेब निराळा. खोल्यांचे ७२ हजार. ८५ माणसांचं जेवणखाण ५१ हजार. कॅमेरा, लाईट आणि जनरेटर व्हॅनचं भाडं करारात 'ऑफ डे'ला निम्मं ठरवलंय, ते ६७ हजार ५००. तंत्रज्ञ आणि कामगारांचा रोज १ लाख १० हजार. गाड्या उभ्या असल्या तरी ३० हजार. आणि जागेचं भाडं १५ हजार. बेरीज ३ लाख ४५ हजार ५००.

हा कागद प्रपोजलला जोडा, करारांच्या प्रतींसह. विशेषतः ऑफ डेच्या भाड्याचं कलम दाखवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून त्याची रक्कम ठरवणारा माणूस, नेमका हाच हिशेब मागतो, आणि तेव्हा बनवलेल्या कागदापेक्षा महिनाभर आधी दिलेल्या कागदाला तो जास्त मान देतो.

कलाकार: कुणाचं नाव द्यायचं आणि काय सांगायचं

पॉलिसीत ज्यांची नावं आहेत त्यांच्याच आजारपणाचं, अपघाताचं किंवा मृत्यूचं कव्हर मिळतं. सगळ्यांची नावं घातली की प्रीमियम फुगतो. निवड करायला शेड्यूल समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: किती दिवस काम आहे, आजारी पडला तर त्याच्याशिवाय किती दिवस शूट करता येईल, आणि दहा दिवस झाल्यावर त्याला बदलणं शक्य आहे का. आमच्याकडे नटी २४ दिवस आहे आणि तिच्याशिवाय सलग चारच दिवस जमवता येतात. वडिलांचे १४ दिवस आहेत, त्यातले ११ तिच्यासोबत. ही दोन नावं नक्की. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांचाही विचार करा. कलाकारांच्या कव्हरमध्ये त्यांना घेता येतं, आणि दिग्दर्शक हॉस्पिटलात असताना युनिट थांबतंच.

आता सगळ्यात नाजूक जागा. फॉर्ममध्ये आरोग्याचे प्रश्न असतात आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या ज्येष्ठ नटांना मधुमेह आहे आणि चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. ही माहिती लपवायचा मोह निर्मात्यालाही होतो आणि खुद्द नटालाही, कारण बातमी फुटली तर पुढची कामं जातील अशी भीती असते. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. जोखीम ठरवायला महत्त्वाची असलेली गोष्ट लपवली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. उघड सांगितलं तर तीन शक्यता असतात: जास्त प्रीमियम, हृदयविकार वगळून बाकी सगळ्याला कव्हर, किंवा ताज्या तपासण्यांवरून जसंच्या तसं कव्हर. मी नेहमी ताजा ईसीजी, टू-डी इको आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसीचा रिपोर्ट आधीच जोडतो. "चार वर्षांत त्रास नाही, औषधं नियमित, हृदयाचं काम व्यवस्थित" असं तज्ज्ञाच्या लेटरहेडवर आलं की अंडररायटरची बरीच काळजी कमी होते. नटाशी हे बोलणं दिग्दर्शकाने किंवा निर्मात्याने स्वतः करावं, आणि कागद सीलबंद पाकिटातून डॉक्टरकडून थेट कंपनीला जावेत. ज्येष्ठ माणसाचा मान राखला जातो आणि माहितीही पूर्ण जाते.

मराठीत आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे नाटक. आमची नटी शुक्रवारी रात्री गुहागरहून निघून शनिवार-रविवारी पुणे-मुंबईला प्रयोग करणार आणि सोमवारी सकाळी परत येणार. तारखांच्या गोंधळामुळे वाया गेलेला दिवस विम्यात येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण प्रयोगाला जाताना घाटात अपघात झाला तर? ती त्या वेळी आपल्या शूटिंगच्या कामावर नव्हती असा मुद्दा निघू शकतो. म्हणून प्रपोजलमध्ये सरळ लिहायचं की घोषित कलाकार या या तारखांना दुसऱ्या व्यावसायिक कामासाठी रस्त्याने प्रवास करतील, आणि तो काळ कव्हरमध्ये आहे असं लेखी मागायचं. कंपनी मान्य करते किंवा करत नाही. नाही म्हणाली तर त्या चार शनिवार-रविवारांचं काय करायचं ते निर्मात्याला आधी ठरवता येतं.

तसंच साहसदृश्यांचं. नटी होडीतून पाण्यात उडी मारते असा प्रसंग आहे. तो पटकथेतल्या पानासकट द्या आणि उडी ती स्वतः मारणार की डबल, हे लिहा. 'स्टंट: नाही' अशी खूण करून नंतर उडी शूट केली आणि पाय मुरगळला, तर क्लेमचं प्रकरण फार कठीण होतं.

आजारांच्या बाबतीत वगळलेल्या गोष्टींची यादी अक्षरन् अक्षर वाचा. कोविडनंतर पॉलिसीत संसर्गजन्य रोग वगळणारं कलम सर्रास दिसतं. काही कलमांचे शब्द इतके रुंद असतात की एका जिवाकडून दुसऱ्याकडे जाणारा कुठलाही रोग त्यात बसेल. मग डेंग्यूचं काय? तो डासामार्फत येतो, माणसाकडून थेट माणसाला लागत नाही. पावसाळ्यानंतर महाराष्ट्रात शूटिंग करणाऱ्याला सगळ्यात खरी भीती डेंग्यूची असते. कंपनीला मेल करा: डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि टायफॉइड या कलमाबाहेर आहेत याची खात्री एंडोर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या लेखी पुरवणीने, द्यावी. एका ओळीचं हे एंडोर्समेंट सगळ्या पॉलिसीइतकंच मोलाचं आहे.

उपकरणं: चलान, किंमत आणि रात्रीची खोली

कॅमेरा आपला नसतो, भाड्याने आणलेला असतो. रेंटल हाऊसचा स्वतःचा विमा असतो म्हणून आपल्याला काळजी नाही, हा समज फार पसरलेला आहे. त्यांची विमा कंपनी त्यांना भरपाई देईल, पण नंतर त्यांच्या हक्काने तेच पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, कारण माल तुमच्या ताब्यात होता. म्हणून आधी रेंटल करारातलं नुकसानीचं कलम वाचा आणि मग तुमच्या पॉलिसीत रेंटल हाऊसचं नाव सहविमाधारक म्हणून घाला.

यादी बनवताना डिलिव्हरी चलान समोर ठेवा. कॅमेरा बॉडी, प्रत्येक लेन्स, मॉनिटर, वायरलेस फोकस, ट्रायपॉड, लाईट, सगळं अनुक्रमांकासह. किंमत लिहायची ती आज नवीन घ्यायला लागेल ती. भरपाई नव्या किमतीने की घसारा वजा करून, हेही आधी ठरवून घ्या. किंमत कमी दाखवून प्रीमियम वाचवण्याचा हिशेब कसा अंगलट येतो पाहा. संचाची खरी किंमत १ कोटी ६० लाख आहे आणि तुम्ही १ कोटी २० लाख दाखवली. म्हणजे पाऊण विमा. लेन्स पडून ८ लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या कलमाप्रमाणे कंपनी त्याच्याही पाऊणपटच मान्य करते, म्हणजे ६ लाख. त्यातून ५० हजारांची वजावट, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, गेली की हातात साडेपाच लाख येतात. उरलेले अडीच लाख तुमच्या खिशातून. विमा रकमेपेक्षा नुकसान कितीतरी कमी असूनही असं होतं, हेच अनेकांना शेवटपर्यंत पटत नाही.

उपकरणांच्या पॉलिसीत झीज, गंज, आतला इलेक्ट्रिक किंवा यांत्रिक बिघाड आणि 'कुठे गेलं कळत नाही' अशी गहाळ वस्तू सहसा वगळलेली असते. कोकणात यातला गंज महत्त्वाचा. एका जुन्या शूटिंगला आमचा कॅमेरा सहा दिवस लाटांपासून दहा पावलांवर होता. सातव्या दिवशी लेन्स माउंटजवळ पांढरी भुकटी दिसायला लागली आणि चित्र मधेच जायला लागलं. सर्व्हिस सेंटरने कागदावर 'खाऱ्या हवेमुळे हळूहळू झालेला गंज' असं लिहिलं आणि क्लेम तिथेच संपला. त्याच दिवसांत एकदा लाट फुटून कॅमेऱ्यावर पाणी उडालं होतं, पण आम्ही फडक्याने पुसून पुढे काम केलं आणि कुठेच नोंद केली नाही. अचानक उडालेलं पाणी कव्हरमध्ये होतं, गंज नव्हता. ती नोंद असती तर निदान बोलायला जागा होती. तेव्हापासून किनाऱ्यावर कॅमेरा अटेंडंटच्या वहीत रोजची एक ओळ ठरलेली: पाणी उडालं का, किती वाजता, काय केलं. रोज संध्याकाळी बॉडी आणि माउंट साफ केल्याचीही नोंद असते, आणि प्रपोजलमध्ये आम्ही ही पद्धत लिहितो.

प्रवास आणि रात्र हे आणखी दोन प्रश्न. मुंबईहून गुहागर अडीचशे किलोमीटरच्या वर, शेवटचा पट्टा चिपळूणहून. ट्रकमधला माल प्रवासात कव्हर आहे का, हे वेगळं विचारायचं. लक्ष नसलेल्या गाडीतून झालेली चोरी बहुतेक पॉलिसी नाकारतात, किंवा गाडी कुलूपबंद असणं आणि जबरदस्तीने फोडल्याच्या खुणा असणं अशी अट घालतात. चहाला थांबलेला ड्रायव्हर आणि क्लीनर दोघेही टपरीत असतील तर गाडी 'लक्ष नसलेली' झाली. रात्री माल कुठे राहतो ते प्रपोजलमध्ये लिहा: हॉटेलच्या तळमजल्यावरची एकच खोली, दोन कुलपं, एका किल्लीचा मानकरी कॅमेरा अटेंडंट, दुसरीचा प्रॉडक्शन मॅनेजर, दाराशी रात्रभर वॉचमन. एकदा लिहिलं की पाळायलाच हवं, कारण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर त्या वॉचमनची हजेरी आणि पगाराची पावती मागतो.

ड्रोन बहुधा यादीबाहेर असतो. त्याचा ऑपरेटर, रिमोट पायलटचं प्रमाणपत्र, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नोंदणी आणि त्रयस्थ विमा हे सगळं त्याच्याकडून घ्या. आपल्या पॉलिसीत घ्यायचा असेल तर ते स्पष्ट लिहून घ्या.

आउटडोअर: प्रत्येक जागेचा एक कागद

इथे अंडररायटरला जागा डोळ्यांसमोर उभी करून द्यायची असते. प्रत्येक लोकेशनचं एक पान करा. नकाशा, परवानग्या, वीज कुठून येते, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, गर्दी आवरायला माणसं किती. फिल्मसिटीच्या सिंगल विंडो व्यवस्थेतून आलेली परवानगी असेल तर ती, ग्रामपंचायतीचं पत्र, किनाऱ्यासाठी मेरीटाइम बोर्डाची परवानगी. विनापरवाना जागेवरचं नुकसान म्हणजे वादाला आमंत्रण. गुहागरच्या पानावर आम्ही लिहितो की तातडीचा रुग्ण तिथल्या सरकारी रुग्णालयात नेऊ, मोठ्या उपचाराला चिपळूण साधारण ४५ किलोमीटर आहे आणि सेटवर पूर्ण वेळ ॲम्ब्युलन्स उभी असेल.

किनारा असेल तर भरती-ओहोटी लिहा. उधाण आणि भांग यांत पाणी किती वेगळं वर येतं हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण मुंबईच्या वातानुकूलित ऑफिसात बसलेल्या अंडररायटरला सांगावं लागतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा जुना आडाखा. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबईच्या आसपास तो बराच जुळतो, पण प्रपोजलला छापील तक्ता लागतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. त्यावरून शेड्यूलच्या प्रत्येक दिवसापुढे भरतीची वेळ लिहा, रेतीवरचा सेट उधाणाच्या खुणेच्या किती वर आहे ते लिहा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस किनाऱ्यावरून हलवून घराच्या आतल्या दृश्यांना द्या. अंदाज असलेल्या भरतीने सेट वाहून गेला तर तो अपघात मानला जाईलच असं नाही. तक्ता सगळ्यांनाच उपलब्ध असतो.

पाऊस हा खरा पेच आहे. नेहमीच्या पावसाने वाया गेलेला दिवस मूळ पॉलिसीत येत नाही. प्रतिकूल हवामानाचं ॲड-ऑन घेतलं तरी त्यात एक आकडा असतो: अमुक मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तरच. आणि तो मोजला जातो जवळच्या वेधशाळेत. गुहागरसाठी ती हर्णे किंवा रत्नागिरी. तुमच्या वाडीत दोन तास धो धो कोसळला आणि हर्णेला तीन मिलिमीटर नोंदले गेले, तर क्लेम नाही. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात, म्हणजे संध्याकाळचा पाऊस कुठल्या 'दिवसा'त जातो हेही महत्त्वाचं. हे ॲड-ऑन घेताना तीन गोष्टी लेखी ठरवा: केंद्र कोणतं, मर्यादा किती आणि तास कोणते. जमल्यास सेटवर बसवलेल्या पर्जन्यमापकाचं वाचन ग्राह्य धरावं अशी विनंती करा. कंपनीने ती मान्य केली तर एका साध्या यंत्राने खूप वाद टळतात.

नोव्हेंबर का निवडला, हेही प्रपोजलमध्ये सांगा. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या तारखांप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. पण अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरचं क्यार वादळ किनाऱ्यावर न येताही कोकणात पाऊस आणि खवळलेला समुद्र घेऊन आलं होतं. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यात घराच्या आतले चार दिवस राखीव ठेवतो. आणि एक कडक नियम असा की वादळाचा इशारा आल्यानंतर घेतलेलं कव्हर त्या वादळाला लागू होत नाही. आधी घ्या.

पत्राचा मजकूर

फॉर्मसोबत दोन पानांचं पत्र जावं. भाषा साधी, फुगवलेली नको. आमच्या पत्रातला कलाकारांचा परिच्छेद साधारण असा होता:

"घोषित कलाकार क्र. २, वय ६७. मधुमेह, औषधे चालू. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. हृदयरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणि तपासण्या सोबत. दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्रीचे शूटिंग नाही, पाण्यातले दृश्य नाही. यांच्या १४ दिवसांपैकी ३ दिवस पुढे-मागे करता येतात. उरलेल्या ११ दिवसांत खंड पडल्यास थांबलेल्या दिवसाचा खर्च परिशिष्ट ३ प्रमाणे."

प्रत्येक वाक्य तपासता येतं. 'सर्व काळजी घेतली जाईल' अशी वाक्यं अंडररायटर वाचत नाही.

कोटेशन आलं की आधी वजावट बघा, प्रीमियम नंतर. प्रीमियम ४० हजारांनी कमी असलेल्या कोटेशनमध्ये कलाकारांची वजावट पहिल्या तीन दिवसांची असेल, तर ३० दिवसांच्या शूटिंगला ते कव्हर जवळपास निरुपयोगी आहे. मराठी चित्रपटात तीन दिवसांहून मोठा खंड क्वचितच पडतो. आम्ही दिवसांऐवजी रकमेत वजावट मागतो, या उदाहरणात २ लाख.

आता क्लेम

अकराव्या दिवशी नटीला ताप आला, बाराव्या दिवशी डेंग्यू निघाला, आणि डॉक्टरांनी एकूण नऊ दिवस काम बंद सांगितलं असं धरू. पहिलं काम म्हणजे त्याच दिवशी कंपनीला आणि ब्रोकरला मेल. सोबत डॉक्टरांचा कागद, त्या दिवसाची कॉलशीट आणि डेली प्रॉडक्शन रिपोर्ट. पहिले चार दिवस तिच्याशिवायची दृश्यं काढली. उरले पाच.

नवखा माणूस इथे ५ लाख ८० हजार गुणिले नऊ करतो. ते चूक आहे. ते नऊ दिवस पुढे शूट होणारच आहेत आणि त्यांचा खर्च बजेटमध्ये आधीच धरलेला आहे. विमा देतो तो फक्त जादा पडलेला खर्च, तोही तुम्ही नुकसान कमी ठेवायचा प्रयत्न केल्यावर. पाच दिवस युनिट बसवून ठेवलं तर ३ लाख ४५ हजार ५०० गुणिले पाच, म्हणजे १७ लाख २७ हजार ५००. युनिट परत पाठवून पुन्हा आणलं तर? निर्णयासाठी गेलेला एक थांबलेला दिवस ३ लाख ४५ हजार ५००, जाण्या-येण्याचा आणि ट्रकांचा खर्च ४ लाख २० हजार, पुन्हा मांडामांड ९० हजार, आणि सहकलाकारांच्या वाढीव तारखांचे दीड लाख. एकूण १० लाख ५ हजार ५००. दोन्ही हिशेब सर्व्हेअरला त्याच रात्री पाठवून त्याची संमती लेखी घेतली आणि युनिट परत पाठवलं. वजावट गेल्यावर मान्य होणारी रक्कम ८ लाख ५ हजार ५००. संमतीशिवाय पाच दिवस बसून राहिलो असतो, तर सर्व्हेअरने स्वस्त पर्यायाच्या वर एक रुपयाही धरला नसता.

उपकरण मोडलं तर उलट. सर्व्हेअर बघेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, मोडलेले तुकडेही जपून ठेवायचे. चोरी असेल तर लगेच एफआयआर.

अशा खंडानंतर वाईचं शेड्यूल पुढे सरकतं आणि पॉलिसीची मुदत ५ डिसेंबरला संपत असते. मुदतवाढीचं एंडोर्समेंट मुदत संपायच्या आधी मागायचं आणि वाढीव प्रीमियमही आधीच भरायचा. जानेवारीत दोन दिवसांचं पॅचवर्क निघालं तर त्यासाठीही तसंच, कॅमेरा रेंटल हाऊसमधून बाहेर पडायच्या आधी.